वर्षभरात ८० हजार भरले, मग कर्ज ४७ हजारांनीच का कमी झालं? येवल्यातल्या एका मागाचा हिशेब

येवल्यात पैठणीचा माग घरातच असतो. बाहेरच्या खोलीत माग, आतल्या खोलीत संसार. नवा माग बसवायचा, खोली वाढवायची किंवा जॅकार्ड घ्यायचं तर बऱ्याच घरांना बँकेचं कर्ज काढावं लागतं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, साडीची किंमतही वाढली, पण पैसा येण्याची रीत तीच राहिली. साडी पूर्ण होऊन मागावरून उतरली की पैसे येतात, आणि भरगच्च पदराची साडी उतरायला कित्येक महिने लागू शकतात. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो.

वर्ष संपलं की विणकर बँकेत जाऊन कर्जाचा उतारा काढतो, आणि मग प्रश्न पडतो. भरले इतके, मग बाकी अजून एवढी कशी? लगेच कुणीतरी सांगतं, ‘बँक आधी स्वतःचं व्याज काढून घेते, मुद्दल नंतर.’ व्हॉट्सअॅपवरही हेच फिरत असतं. यात अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यावर विसंबून घेतलेले निर्णय महागात पडतात.

एक कर्ज, साठ हप्ते

समजा, येवल्यातल्या एका विणकराने दोन मागांसाठी ३ लाख रुपयांचं मुदत कर्ज घेतलं. मुदत ५ वर्षं, म्हणजे ६० हप्ते. व्याजदर वर्षाला १२ टक्के. प्रत्येक बँकेचा दर वेगळा असतो, इथे १२ धरलाय कारण त्याचा महिन्याचा दर बरोबर १ टक्का होतो आणि हिशेब तोंडी करता येतो.

या कर्जाचा मासिक हप्ता येतो ६,६७३ रुपये. आता पहिल्या महिन्याचं पाहू. विणकराकडे महिनाभर बँकेचे ३ लाख होते. त्याचा १ टक्का म्हणजे ३,००० रुपये व्याज. हप्त्यातून ते वजा झालं, उरले ३,६७३. एवढंच मुद्दल फिटलं.

दुसऱ्या महिन्यात बँकेचे विणकराकडे २,९६,३२७ रुपये राहिले. त्याचा १ टक्का २,९६३. हप्ता तोच असल्याने मुद्दलात गेले ३,७१०. तिसऱ्या महिन्यात व्याज आणखी थोडं कमी, मुद्दल थोडं जास्त. असं करत साठाव्या हप्त्यात व्याज उरतं जेमतेम ६६ रुपये, बाकी सगळं मुद्दल.

वर्षवार बेरीज केली तर चित्र असं दिसतं:

| वर्ष | भरलेली रक्कम | त्यातलं व्याज | फिटलेलं मुद्दल | वर्षाअखेर बाकी |
|---|---|---|---|---|
| पहिलं | ८०,०८० | ३३,४९३ | ४६,५८७ | २,५३,४१३ |
| दुसरं | ८०,०८० | २७,५८५ | ५२,४९५ | २,००,९१८ |
| तिसरं | ८०,०८० | २०,९२७ | ५९,१५३ | १,४१,७६५ |
| चौथं | ८०,०८० | १३,४२४ | ६६,६५६ | ७५,१०९ |
| पाचवं | ८०,०८० | ४,९७१ | ७५,१०९ | ० |

पाच वर्षांत एकूण व्याज जातं साधारण १ लाख ४०० रुपये. आणि ३ लाखांतले निम्मे, म्हणजे दीड लाख फिटायला ३० नव्हे तर ३५ हप्ते लागतात. उतारा पाहून विणकर चक्रावतो तो इथे.

पण तक्ता नीट पाहिला तर बँकेने ‘आधी काढून घेतलेलं’ असं काही सापडत नाही. दर महिन्याचं व्याज हे त्या महिन्याच्या बाकीवरचा १ टक्का आहे, पहिल्या महिन्यातही आणि साठाव्यातही. सुरुवातीला व्याज जास्त आहे ते बाकी जास्त आहे म्हणून. पुढच्या महिन्यांचं व्याज बँकेने आगाऊ घेतलेलं नाही. व्याज दर महिन्याला घटतं आणि हप्ता मात्र मुद्दाम सारखा ठेवलेला असतो, त्यामुळे मुद्दलाचा वाटा हळूहळू फुगत जातो.

हप्ता सारखाच हवा असंही नाही. व्यवसायाच्या मुदत कर्जात काही बँका मुद्दलाचे सारखे भाग करतात आणि व्याज वेगळं लावतात. वरच्याच कर्जात दरमहा ५,००० मुद्दल ठरलं तर पहिला हप्ता ८,००० रुपयांचा आणि शेवटचा ५,०५० रुपयांचा होईल. एकूण व्याज ९१,५०० रुपये, म्हणजे जवळपास ९ हजारांनी कमी. दर तोच आहे, फक्त मुद्दल लवकर फिटतं. अडचण एवढीच की नवा माग अजून हाताला बसलेला नसतो तेव्हाच हप्ता सगळ्यात मोठा असतो. ज्याच्या घरात दुसरं कुणी पगार आणत नाही, त्याला हे झेपेलच असं नाही.

हातात ५० हजार आले तर?

आता लग्नसराई चांगली गेली, दोन साड्या चांगल्या भावाने गेल्या आणि हातात ५० हजार शिल्लक राहिले. कर्जात भरावेत का? ‘व्याज तर आधीच घेऊन झालं, आता भरून काय उपयोग’ हा सल्ला इथेच आडवा येतो.

पहिल्या वर्षाअखेर हे ५० हजार भरले तर बाकी २,५३,४१३ वरून २,०३,४१३ वर येते. हप्ता तोच ठेवला तर उरलेल्या ४८ हप्त्यांऐवजी ३७ मध्ये कर्ज संपतं, त्यातला शेवटचा हप्ता तर निम्म्याहून थोडाच जास्त. व्याजाची बचत साधारण २६,५०० रुपये.

तेच ५० हजार चौथ्या वर्षाअखेर भरले तर बचत होते सुमारे ४,३५० रुपये.

फरक मोठा आहे. पण म्हणून शेवटच्या वर्षी भरणं वाया गेलं असं नाही. भरलेले ५० हजार दरमहा ५०० रुपयांचं व्याज वाचवतात, मग ते कधीही भरा. पहिल्या वर्षी भरले तर ही बचत पुढे तीन वर्षांहून जास्त काळ चालते आणि त्या बचतीवरही बचत होते. चौथ्या वर्षी भरले तर चालायला महिनेच थोडे उरलेले असतात. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: हे ५० हजार दुसरीकडे ठेवले तर १२ टक्क्यांपेक्षा जास्त मिळणार आहेत का? मुदत ठेवीत तरी नाही. रेशीम आणि जर रोखीने घेतल्यामुळे भावात चांगली सूट मिळत असेल, तर मात्र उत्तर वेगळं येऊ शकतं.

पैसे भरताना बँकेत आणखी एक प्रश्न येतो, आणि बरेच जण त्याकडे लक्षच देत नाहीत. हप्ता कमी करायचा की मुदत? वरच्या उदाहरणात मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर तो ६,६७३ वरून ५,३५७ वर येतो. खिशाला बरं वाटतं. पण बचत २६,५०० वरून १३,२०० वर येते, म्हणजे निम्म्यावर. महिन्याची ओढाताण असेल तर हप्ता कमी करणं चुकीचं नाही. फक्त काय निवडतोय हे माहीत असावं, आणि ते लेखी द्यावं. तोंडी सांगून आलेला अर्ज फाइलमध्ये सापडत नाही.

मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लागतो का? रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांनुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना व्यक्तींकडून आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून असं शुल्क घेता येत नाही, व्यवसायासाठीचं कर्ज असलं तरी. त्याआधीचं कर्ज किंवा ठरावीक दराचं कर्ज असेल तर मंजुरीपत्रातली अट पाहावी लागते.

सवलत पहिल्या तीन वर्षांतच का मोलाची

हातमाग विणकरांसाठी केंद्र सरकारची विणकर मुद्रा योजना आहे. तिच्यात विणकराला ६ टक्के दराने कर्ज मिळतं. बँकेचा दर आणि ६ टक्के यातला फरक सरकार सोसतं, कमाल ७ टक्क्यांपर्यंत, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षं.

‘पाच वर्षांच्या कर्जाला तीनच वर्षं सवलत’ असं ऐकलं की फसवल्यासारखं वाटतं. पण तक्त्याकडे परत जा. पहिल्या तीन वर्षांचं व्याज ८२ हजार होतं, म्हणजे एकूण व्याजाच्या पाचातले चार हिस्से. १२ टक्क्यांतले ६ सरकारने सोसले तर ढोबळ हिशेबाने ४१ हजारांचा भार कमी होतो. हीच सवलत शेवटच्या तीन वर्षांना दिली असती तर २० हजारही भरले नसते. खरी अडचण दुसरीकडे येऊ शकते. सवलतीचा कालावधी पहिल्या उचलीपासून मोजला जातो. कर्जाची रक्कम तुकड्यातुकड्यांनी मिळाली, मागाचं काम रखडलं, तर सर्वांत महागड्या महिन्यांतले काही असेच निघून जातात. सवलत खात्यात खरंच जमा झाली का हेही उताऱ्यावरच कळतं.

हप्ता थांबला की काय होतं

२०२० साली टाळेबंदीत दुकानं बंद होती, लग्नं छोटी झाली. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने १ मार्च ते ३१ ऑगस्ट असे सहा महिने हप्ते थांबवता आले. अनेकांनी ते थांबवले. अनेकांना वाटलं, कर्ज सहा महिने पुढे गेलं, बाकी काही नाही.

आपल्या उदाहरणातल्या विणकराने पहिल्या वर्षानंतर असे सहा हप्ते थांबवले असं धरू. बाकी होती २,५३,४१३. सहा महिने त्यावर १ टक्का चढत राहिला आणि बाकी झाली साधारण २ लाख ६९ हजार. पुन्हा तोच हप्ता सुरू केला तर ४८ ऐवजी ५२ हप्ते भरावे लागतात. म्हणजे थांबले सहाच, पण कर्ज लांबलं दहा महिने.

या ६ महिन्यांत व्याजावर चढलेलं व्याज वेगळं काढलं तर ते ४०० रुपयांच्या आत भरतं. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ च्या निकालात त्या सहा महिन्यांसाठी व्याजावर व्याज लावता येणार नाही असं सांगितलं. निकालाची चर्चा मोठी झाली, आणि तो चक्रवाढीपुरताच होता हे त्या चर्चेत हरवलं. साधं व्याज, म्हणजे १५ हजारांचा मुख्य भार, कर्जदाराच्या डोक्यावर राहिलाच.

थांबलेल्या हप्त्याचं हे गणित टाळेबंदीपुरतं नाही. साडी मागावरच अडकली आणि हप्ता चुकला, तर त्या महिन्याचं व्याज बाकीत उभं राहतं. पुढचा हप्ता आला की आधी थकलेलं व्याज आणि शुल्क वळतं होतं, मुद्दलाच्या वाट्याला फार थोडं येतं.

गृहकर्जासारख्या लांब मुदतीच्या कर्जात तर गोष्ट आणखी पुढे जाऊ शकते. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ७ टक्के, हप्ता १५,५०६. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. असं कर्ज ९.५ टक्क्यांवर गेलं की २० लाखांच्या बाकीवर महिन्याचं नुसतं व्याजच १५,८३३ होतं. हप्ता पूर्ण भरूनही कर्ज वाढतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक कर्जांबाबत सांगितलं की मुदत वाढवताना अशी वेळ येऊ देऊ नका, आणि हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारा.

‘फक्त ७ टक्के’ म्हणजे किती?

खरा खड्डा बँकेच्या उताऱ्यात नसतो, तो दराच्या जाहिरातीत असतो. बाजारात काही कर्जं ‘फ्लॅट’ दराने विकली जातात. गाडी, यंत्रं, घरगुती वस्तू, छोटी खासगी कर्जं. फ्लॅट म्हणजे व्याज पाचही वर्षं मूळ रकमेवरच लावायचं, बाकी किती उरली ते पाहायचंच नाही.

३ लाखांवर ७ टक्के फ्लॅट. वर्षाला २१ हजार, पाच वर्षांचे १ लाख ५ हजार. मुद्दल धरून ४ लाख ५ हजार भागिले ६०, हप्ता ६,७५०. आता वरचा हप्ता आठवा: १२ टक्के घटत्या बाकीवर ६,६७३. म्हणजे ‘७ टक्के’ हे १२ टक्क्यांपेक्षा महाग निघालं. घटत्या बाकीच्या भाषेत तो दर साडेबारा टक्के होतो. आणि कुणी १२ टक्के फ्लॅट लावले तर हप्ता ८,००० होतो, खरा दर २० टक्क्यांच्या वर जातो. पाच वर्षांत जवळपास ८० हजारांचा फरक, दोन्ही कागदांवर ‘१२ टक्के’च लिहिलेलं.

कारण सरळ आहे. शेवटच्या वर्षी कर्जदाराकडे सरासरी ३० हजारांच्या आसपासच मुद्दल शिल्लक असतं, पण व्याज तो ३ लाखांवर भरत असतो. गावाकडच्या ‘शेकडा दोन रुपये’ या बोलीतही एक सापळा आहे. तो दर महिन्याचा असतो, वर्षाला २४ टक्के.

ओळखायचं कसं? दर विचारू नका, हप्ता आणि हप्त्यांची संख्या विचारा. मग मोबाइलवर एक्सेल किंवा गूगल शीट उघडून पुढच्या ओळी टाका. पहिली ओळ हप्ता देते, दुसरी तेराव्या हप्त्यातलं व्याज, तिसरी त्यातलं मुद्दल. चौथ्या ओळीत सांगितलेला हप्ता टाकला की खरा वार्षिक दर समोर येतो.

```
=PMT(12%/12, 60, -300000)
=IPMT(12%/12, 13, 60, -300000)
=PPMT(12%/12, 13, 60, -300000)
=RATE(60, -6750, 300000)*12
```

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांसोबत बँकेने व वित्त कंपनीने एक तथ्यपत्रक द्यायचं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर आणि हप्त्यागणिक व्याज-मुद्दलाचा तक्ता असतो. सहीच्या गठ्ठ्यात ते पान असतं. वाचलं जात नाही, एवढंच.

उतारा हातात आल्यावर

तक्ता आणि प्रत्यक्ष उतारा रुपयाला रुपया जुळेलच असं नाही. बँका बहुधा व्याज रोजच्या बाकीवर मोजतात. ३ लाखांवर १२ टक्क्यांनी दिवसाचं व्याज ९८ रुपये ६३ पैसे. ३१ दिवसांच्या महिन्यात ३,०५८, फेब्रुवारीत २,७६२. एवढा चढउतार चूक नव्हे. हप्ता पाच दिवस उशिरा गेला तर व्याज साधारण ११ रुपयांनी वाढतं, जाचक असतं ते त्यावरचं दंडशुल्क.

शंका घ्यायच्या जागा वेगळ्या आहेत. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तपासणीत आढळलेल्या पद्धती मांडल्या आणि त्या थांबवायला सांगितल्या. काही संस्था पैसे हातात पडण्याआधी, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासूनच व्याज लावत होत्या. काही ठिकाणी महिन्याच्या मधे उचल केली किंवा परतफेड केली तरी पूर्ण महिन्याचं व्याज लागत होतं. काही ठिकाणी एक-दोन हप्ते आगाऊ कापून घेतले, पण व्याज मात्र पूर्ण कर्जावर धरलं.

येवल्यातल्या त्या विणकराने उताऱ्याची पहिली ओळ म्हणूनच नीट पाहायला हवी. मागवाल्याच्या खात्यात पैसे कोणत्या तारखेला गेले आणि व्याजाची पहिली नोंद कोणत्या तारखेपासून आहे. त्यात पंधरा दिवसांचं अंतर असेल तर ३ लाखांवर ते १,४७९ रुपये होतात. अर्जात त्या दोन तारखा आणि ही रक्कम लिहून शाखेत द्यायची, पोच घ्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला शुल्क लागत नाही.